नोट्समधून चूक-बरोबर आणि जोड्या लावा: पाठांतर नाही, गैरसमज पकडायचा असेल तर

प्रश्न: मॅडम, मी सातवीला विज्ञान शिकवतो, दुसरंच वर्ष आहे. प्रकाशसंश्लेषण आणि श्वसनाच्या एका पानाच्या नोट्स काढल्या, त्यावरून दहा चूक-बरोबर आणि एक जोड्या लावा असं केलं. जवळजवळ सगळ्यांना नऊ-दहा मार्क. पण दुसऱ्या दिवशी तोंडी विचारलं की झाडाचं लाकूड कशापासून बनतं, तर अर्धा वर्ग म्हणाला मातीपासून. मग टेस्टने नक्की काय तपासलं? प्रश्न कसे काढायला हवे होते?

उत्तर:

सर, तुम्ही तोंडी विचारलंत हेच बरं केलं, नाहीतर दहापैकी दहा बघून पुढच्या धड्यावर गेला असतात. मी बावीस वर्षं हेच वर्ग घेतेय आणि पहिली पाच-सहा वर्षं माझेही प्रश्न असेच होते, म्हणजे नोट्समधलं वाक्य उचलायचं, निम्म्या वाक्यांना जसंच्या तसं ठेवायचं आणि निम्म्यात एक "नाही" घुसवायचा किंवा ऑक्सिजनच्या जागी नायट्रोजन टाकायचा. "हरितद्रव्य मुळांमध्ये असते, चूक की बरोबर." हे वाक्य बरोबर आहे असं कुठलंच मूल मनापासून मानत नसतं ना, म्हणजे हरितद्रव्य मुळात असतं असा गैरसमज घेऊन कोणी घरून येत नाही. ते वाक्य खोटं आहे पण ते कुणाचंच नाही. त्यामुळे ज्याने नोट्स वाचल्या त्याला येतं, ज्याने नाही वाचल्या त्याला येत नाही, आणि डोक्यात काय आहे ते तसंच राहतं.

चुकीचं वाक्य मुलाच्या तोंडचं हवं, आपल्या कल्पनेतलं नको. माझ्या सगळ्या पद्धतीचा पाया एवढाच आहे. नोट्स घेऊन बसायचं ते प्रश्न उचलायला नाही, तर प्रत्येक ओळीपाशी थांबून स्वतःला विचारायला की ही ओळ वाचून मूल मनात काय ऐकतं. तुमच्या नोट्समध्ये बहुतेक अशा ओळी असणारच (माझ्याही असतात):

वनस्पती सूर्यप्रकाशात स्वतःचे अन्न तयार करतात.
मुळे जमिनीतून पाणी व खनिजे शोषतात.
वनस्पती कार्बन डायऑक्साइड घेतात व ऑक्सिजन सोडतात.
सर्व सजीव श्वसन करतात.

आता तिसरी ओळ बघा. ती चूक नाही, पण ती इतकी आखडून लिहिलेली आहे की मूल त्यातून ऐकतं, आपण ऑक्सिजन घेतो, झाडं उलटं करतात, म्हणजे झाडांचं श्वसन उलटं असतं. मग चौथी ओळ आली की ते दोन्ही जुळवायला मनात एक तडजोड करतं: दिवसा झाडं अन्न बनवतात आणि रात्री श्वसन करतात, म्हणजे दोन शिफ्ट. ही तडजोड इतकी नीटनेटकी आहे की मोठ्यांनाही पटते. दुसऱ्या ओळीचं तर विचारूच नका, घरी आई म्हणते झाडाला खत घाल, खत म्हणजे झाडाचं जेवण, आणि धड्यात मुळं जमिनीतून शोषतात असं लिहिलंय, मग लाकूड मातीतून आलं हे ओघानेच आलं. म्हणजे नोट्स जितक्या छोट्या करतो तितकी गैरसमजाला जागा जास्त राहते, आणि प्रश्न त्या जागेवर काढायचे.

मुलांच्या तोंडची वाक्यं मिळवायला मी धडा सुरू करायच्या चार-पाच दिवस आधी एकच उघडा प्रश्न देते, चिठ्ठीवर, नाव न लिहिता: "शाळेमागच्या वडाचं खोड एवढं जाड आहे, तर ते एवढं सगळं कशापासून तयार झालं असेल?" आणि दुसऱ्या दिवशी: "झाडं श्वसन कधी करतात?" चिठ्ठ्यांचे चार-पाच ढीग होतात. जो ढीग मोठा तो गैरसमज घ्यायचा, एका-दोघांनीच लिहिलेलं सोडून द्यायचं. आणि शब्द मुलांचेच ठेवायचे. आमच्याकडे एका चिठ्ठीवर "झाड दिवसा कामाला असतं म्हणून श्वसन रात्री करतं" असं होतं, ह्यापेक्षा चांगलं वाक्य मला बसून सुचलं नसतं. तुमच्याकडे आता चिठ्ठ्यांची गरज नाही, तोंडी उत्तरं आहेतच, ती आजच वहीत उतरवून ठेवा.

आता चूक-बरोबर. ह्या प्रकारात अडचण म्हणजे अंदाज. नाणं उडवून दहा प्रश्न सोडवले तरी सात किंवा त्याहून जास्त बरोबर यायची शक्यता सुमारे 17 टक्के आहे, म्हणजे सहातला एक मुलगा काहीच न येता पास दिसेल. प्रश्न वीस केले आणि चौदा बरोबर धरले तर तीच शक्यता 6 टक्क्यांच्या आसपास येते. पण मी प्रश्न वाढवत बसत नाही, मी जोडी करते: एका गैरसमजाला दोन वाक्यं, एक चूक आणि एक बरोबर. चूक वाक्य असं की गैरसमज असलेलं मूल त्याला बरोबर म्हणेल, बरोबर वाक्य असं की तेच मूल त्याला चूक म्हणेल. दोन्ही वाक्यं पेपरात लांब लांब टाकायची, शेजारी नाही.

पहिला गैरसमज, लाकूड मातीतून येतं:

"कुंडीतल्या रोपाचं वजन जेवढं वाढतं तेवढंच कुंडीतल्या मातीचं वजन कमी होतं." (चूक)
"वाळलेल्या लाकडाचा बराचसा भाग हवेतून आलेल्या कार्बन डायऑक्साइडपासून बनलेला असतो." (बरोबर)

दुसरा गैरसमज, श्वसनाची रात्रपाळी:

"भर दुपारी उन्हात झाडाच्या पानांमधलं श्वसन थांबलेलं असतं." (चूक)
"सकाळी अकरा वाजता गुलाबाचं मातीतलं मूळ ऑक्सिजन वापरत असतं." (बरोबर)

बघा, ह्यातलं एकही वाक्य नोट्समध्ये नाही, पण नोट्स समजल्या असतील तर चारही सुटतात. नोट्समधलं तत्त्व एखाद्या ठरावीक जागी, ठरावीक वेळी नेऊन ठेवायचं, भर दुपार, सकाळचे अकरा, कुंडी, गुलाब, म्हणजे पाठ केलेलं वाक्य तिथे चिकटवता येत नाही.

दोन्ही चुकली तर गैरसमजाचा दाट संशय, एकच चुकलं तर बहुतेक अंदाज किंवा घाई. बहुतेक म्हणतेय कारण नुसत्या अंदाजानेही दोन्ही चुकायची शक्यता चारात एक असते. त्यामुळे एका जोडीवरून एका मुलावर शिक्का मारायचा नाही, वर्गाचा आकडा बघायचा. चाळीसच्या वर्गात सगळ्यांनी डोळे मिटून उत्तरं दिली असती तरी सुमारे दहा जणांची दोन्ही चुकली असती, मग दहा-अकरा आले तर फार काही सिद्ध होत नाही, पण वीस-बावीस आले तर तिथे नक्की काहीतरी आहे.

अजून खात्री हवी असेल तर प्रत्येक वाक्यापुढे "कारण" म्हणून एक ओळ रिकामी ठेवा, किंवा तीन कारणं देऊन एकावर खूण करायला सांगा. हॅस्लम आणि ट्रेगस्ट यांनी 1987 मध्ये ह्याच विषयावर, वनस्पतींचं प्रकाशसंश्लेषण आणि श्वसन, अशी दोन पायऱ्यांची चाचणी केली होती, आधी उत्तर आणि मग त्याचं कारण. मी सगळ्या प्रश्नांना कारण मागत नाही, तपासता तपासता कंबरडं मोडतं, पण प्रत्येक जोडीतल्या एका वाक्याला मागते.

वाक्यरचनेतले काही घोटाळे मी स्वतः करून बसलेय ते सांगते. पहिला "फक्त"चा. "वनस्पती फक्त रात्री श्वसन करतात" असं मी वर्षानुवर्षं विचारायचे आणि वर्ग झकास उत्तर द्यायचा. एकदा एका मुलीला विचारलं चूक का म्हणालीस, तर म्हणाली "बाई, फक्त आणि नेहमी असलं की चूकच असतं." खरंच आहे ते! फक्त, नेहमी, कधीच, सर्व असले शब्द चूक वाक्यांत आणि सहसा, काही, बरेचदा हे बरोबर वाक्यांत, असं आपल्या हातून आपोआप होतं, आणि मुलांना धडा नाही पण आपली सवय पाठ होते. तसंच बरोबर वाक्य लांबलचक आणि चूक वाक्य आखूड. बरोबर लिहिताना आपण सांभाळून अटी घालत जातो ना, म्हणून. पेपर झाला की फक्त ह्या दोन गोष्टींसाठी एकदा वाचून काढा.

दुसरा घोटाळा मराठीतलाच आहे. "झाडं श्वास घेतात." बरोबर की चूक? मी बरोबर धरलं होतं. हुशार मुलांनी चूक लिहिलं, कारण झाडाला नाक-फुप्फुस नाही. श्वसन आणि श्वासोच्छ्वास हे दोन शब्द मुलांच्या (आणि खरं सांगू का, शिक्षकांच्याही) तोंडात एकच होऊन बसलेत, त्यामुळे तो प्रश्न जीवशास्त्राचा न राहता शब्दाचा झाला. तेव्हापासून मी असं लिहिते: "पेशी ऑक्सिजन वापरून अन्नातून ऊर्जा मिळवतात, हे झाडाच्या पेशींतही चालतं." लांब आहे, पण भांडण नाही. तसाच "अन्न" हा शब्द. "खत हे झाडाचं अन्न आहे" ह्यावर मूल वाद घालू शकतं की बाई, दुकानात पिशवीवर तसंच लिहिलेलं असतं. म्हणून मी ते बदलून केलं: "अंधाऱ्या खोलीतल्या रोपाला भरपूर खत-पाणी दिलं तर उजेड नसल्याची कसर भरून निघते." चूक. इथे अन्न शब्दाची व्याख्याच लागत नाही.

तिसरा, वाक्य खरोखर चूक आहे का हे आधी नीट तपासा. "रात्री कोणतीच वनस्पती कार्बन डायऑक्साइड आत घेत नाही" हे वाक्य बरोबर म्हणून टाकाल तर फसाल, कारण निवडुंगासारख्या वनस्पती रात्रीच कार्बन डायऑक्साइड आत घेऊन साठवतात आणि दिवसा वापरतात. ऑक्सिजन मात्र त्यांचाही उजेडातच सुटतो. म्हणून पिंपळाबद्दल विचारायचं तर ऑक्सिजनवर विचारा: "पिंपळ रात्री अंधारातही ऑक्सिजन सोडत राहतो." चूक. हा प्रश्न आमच्याकडे दरवर्षी सगळ्यात जास्त मुलांचा चुकतो आणि घरून फोनही येतात. मी एवढंच सांगते की प्रश्न वायूचा आहे, श्रद्धेचा नाही. त्याची जोडी म्हणून हे टाकते: "झोपायच्या खोलीत एक कुंडी ठेवली तर ती रात्रभरात वापरेल त्यापेक्षा तिथे झोपलेला माणूस जास्त ऑक्सिजन वापरतो." बरोबर. ही दोन्ही रात्रीच्या झाडाबद्दलच्या दोन टोकाच्या समजुती आहेत, एक म्हणते पिंपळ रात्रीही देतो आणि दुसरी म्हणते कुंडी रात्री सगळा ऑक्सिजन खाऊन टाकते, गंमत म्हणजे काही मुलं दोन्ही एकदम मानतात.

आता जोड्या लावा. तुमचा प्रकार मी न बघता सांगते: डावीकडे पर्णरंध्रे, हरितद्रव्य, जलवाहिन्या, मुळे वगैरे, आणि उजवीकडे त्यांची कामं, पाचाला पाच. चार आली की पाचवी फुकट. आणि गैरसमज त्यात कुठे बसणार, व्याख्येचा गैरसमज फार क्वचित असतो. मी तीन गोष्टी बदलते. डावीकडे शब्द न देता प्रसंग देते, उजवीकडचे पर्याय पुन्हा वापरता येतील असं ठेवते, आणि उजवीकडे एक-दोन पर्याय असे घालते जे कुठेच बरोबर नाहीत पण गैरसमज असलेलं मूल नेमकं तिथे जातं. हा बघा माझा आवडता:

1. दुपारी उन्हातलं जास्वंदीचं हिरवं पान
2. त्याच वेळी त्याच जास्वंदीचं मातीतलं मूळ
3. मध्यरात्री अंधारात तेच पान
4. फडक्यात बांधून अंधारात ठेवलेली मोड आलेली मटकी
5. रात्री लख्ख दिव्याखाली ठेवलेलं मनीप्लांटचं पान

अ. फक्त प्रकाशसंश्लेषण
ब. फक्त श्वसन
क. दोन्ही
ड. दोन्हीपैकी काहीच नाही

उत्तरं क, ब, ब, ब, क. अ आणि ड कुठेच येत नाहीत, तेच सापळे आहेत. आणि चुकलेल्या उत्तरावरून काय कळतं ते बघा. पहिल्याला अ लिहिलं तर रात्रपाळीवाला गैरसमज. दुसऱ्याला ड लिहिलं तर मूळ म्हणजे नळी, जिवंत भाग नाही, असं त्याला वाटतंय, आणि क लिहिलं तर मुळातही अन्न बनतं असं वाटतंय. पाचव्याला ब लिहिलं तर त्याने घड्याळ बघितलंय, उजेड नाही, म्हणजे प्रकाशसंश्लेषण "दिवसा" होतं हे पाठ आहे आणि "प्रकाशात" होतं हे नाही. म्हणून मी ह्या प्रश्नात फक्त मार्क नाही, उत्तराचं अक्षरही टॅली करते. एक चौकट, पाच ओळी चार रकाने, चाळीस पेपर, वीस मिनिटांत होतं.

सूचना मात्र ठळक लिहा: "एक पर्याय कितीही वेळा वापरता येईल, एखादा पर्याय एकदाही वापरला जाणार नाही असं होऊ शकतं." हे न लिहिता दिलं तर मुलं अ आणि ड कुठेतरी कोंबतातच, कारण आजवर त्यांनी एकास एकच जोड्या लावल्यात, आणि मग चूक गैरसमजाची की सवयीची ते कळत नाही. पहिल्यांदा देताना मी फळ्यावर भलत्याच विषयाचं एक छोटं उदाहरण सोडवून दाखवते.

ह्यात चौथ्या जागी आधी माझी "डब्यातली कोरडी मटकी" होती आणि उत्तर मी ड धरलं होतं. एका मुलाने ब लिहिलं, मी काट मारली, तो भांडायला आला की बाई कोरडी मटकी पेरली तर उगवते, म्हणजे जिवंत आहे, मग श्वसन थांबेल कसं. बरोबर होता तो. कोरड्या बियाण्याचं श्वसन अगदी मंद चालू असतं. मार्क दिले, प्रश्न बदलला, मोड आलेली मटकी आणली. त्याचा फायदाही झाला, कारण मोड आलेल्या मटकीच्या गाठोड्यात हात घातला तर आतून कोमट लागतं हे बऱ्याच मुलांनी घरी बघितलेलं असतं.

दुसरा प्रकार जरा वरच्या पातळीचा आहे, डावीकडे गैरसमजच लिहायचा, कुणीतरी म्हणतंय असा, आणि उजवीकडे निरीक्षणं. कोणतं निरीक्षण कुणाचं म्हणणं खोडतं ते जोडायचं. डावीकडे चार ठेवते: "झाडाच्या वाढीचं सामान मातीतून येतं", "लाल पानात हरितद्रव्य नसतं", "उगवणाऱ्या बियांमध्ये श्वसन होत नाही", "मुळांना हवेची गरज नसते". उजवीकडे सहा. व्हॅन हेल्माँटचा विलोचा प्रयोग, जो 1648 मध्ये छापला गेला: पाच वर्षांत झाड सव्वादोन किलोंचं जवळपास 77 किलो झालं आणि माती कमी झाली ती साधारण 57 ग्रॅम. लाल माठाची पानं उकळली की लाल रंग पाण्यात उतरतो आणि पानं हिरवी दिसायला लागतात. मटकीचं कोमट गाठोडं. शेतात पाणी साचून राहिलं की पीक पिवळं पडतं. आणि दोन जादा: पानाच्या खालच्या बाजूला सहसा पर्णरंध्रे जास्त असतात, आणि उन्हाळ्यात झाडाला पाणी जास्त लागतं. ही दोन खरी आहेत पण इथे कुणालाच खोडत नाहीत. जादा पर्याय खोटे नकोत, खरे पण गैरलागू हवेत, नाहीतर मूल खोटं ओळखून आधीच बाजूला करतं.

हेल्माँट देताना एक जपा. त्याने स्वतः निष्कर्ष काढला होता की झाड पाण्यापासून बनलं, हवेचा भाग त्याच्या ध्यानात आला नव्हता. त्यामुळे ह्या प्रयोगावरून "लाकूड हवेतून येतं" सिद्ध होतं असं प्रश्नात लिहू नका, "सगळं मातीतून येत नाही" एवढंच सिद्ध होतं. आणि कोणी चिठ्ठीवर "पाण्यापासून" लिहिलं असेल तर त्याला मातीवाल्या ढिगात टाकू नका, अन्न तयार व्हायला पाणी लागतंच, त्याचं अर्धं उत्तर बरोबर आहे.

वेळेचं म्हणाल तर चार जोड्या म्हणजे आठ वाक्यं आणि एक जोड्या लावा, ह्याला पंचवीस मिनिटं द्या, दहात उरकायचं नाही, कारण वाक्य वाचून विचार करायला लागतो. मार्क वार्षिक परीक्षेत धरू नका, मुलं मग तुम्हाला हवं ते लिहितात आणि मनातलं लपवतात. आणि पेपर घेतला त्याच दिवशी उत्तरांवर बोला. चुकीचं वाक्य नीट छापून समोर आलं की काही दिवसांनी ते वाचल्याचं आठवतं, ते चूक होतं हे आठवत नाही, म्हणून चूक-बरोबरचा पेपर तपासून आठवड्याने परत देणं हे ह्या प्रकारात सगळ्यात वाईट. मी पेपर गोळा केल्या केल्या चूक वाक्यं एकेक करून फळ्यावर घेते, मुलांकडूनच दुरुस्त करून घेते आणि वहीत फक्त दुरुस्त वाक्य उतरवून घेते.

तीन-चार आठवड्यांनी तीच जोडी प्रसंग बदलून परत द्या. कुंडीच्या जागी ऊस, गुलाबाच्या मुळाच्या जागी पोत्यातला बटाटा. मातीवाला ढीग पहिल्या खेपेला विरघळलाय असं दिसतं आणि ऊस म्हटलं की परत उभा राहतो, कारण उसाला खत किती लागतं हे त्यांनी घरी बघितलेलं असतं. तसं झालं तर त्या दिवशी नवा धडा नको, एक कुंडी आणि वजनकाटा घेऊन वर्गात जा.